जीएसटीचे चलन आणि बँक स्टेटमेंटमधली खर्ची नोंद: कशी जुळवायची

दुकानाचे किंवा गेस्टहाऊसचे हिशेब नव्याने हाती घेतलेला माणूस हमखास अडतो ती जागा ही: रिटर्नमध्ये कराचा एक आकडा, चलनावर दुसरा, आणि बँकेतून गेलेली रक्कम तिसरीच. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. ते कसे, हे एकदा कळले की महिन्याचे जुळवणीचे काम चहा थंड व्हायच्या आत उरकते. मी फोंडा तालुक्यातल्या छोट्या व्यावसायिकांची खाती बघतो. इथल्या पुष्कळ जणांचे चालू खाते सहकारी बँकेत असते. ती बँक जीएसटी पोर्टलवरच्या यादीत नसली, तर चलन सहसा एनईएफटीने भरले जाते. घोळ सगळ्यात जास्त याच मार्गात होतो, म्हणून हा लेख मुख्यतः त्यावर आहे. नेट बँकिंगने भरणाऱ्यांनाही पायऱ्या याच लागू पडतात, फक्त त्यांचे काम थोडे सोपे असते.

प्राप्तिकर आणि टीडीएसची चलने वेगळ्या पोर्टलवर निघतात आणि त्यांच्या खुणा वेगळ्या असतात. ती इथे घेतलेली नाहीत.

१. बसण्याआधी हे समोर ठेवा

- भरलेल्या चलनाची पावती, म्हणजे पीएमटी-०६. भरण्याआधी काढलेली कच्ची प्रत चालणार नाही, तिच्यावर पैसे पोचल्याचा पुरावा नसतो.
- एनईएफटी असेल तर मॅन्डेट फॉर्मची बँकेचा शिक्का मारलेली प्रत.
- बँक स्टेटमेंट, चलनाच्या तारखेच्या दोन दिवस आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंतचे.
- पोर्टलवरून उतरवलेले इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर, त्याच मुदतीचे.
- त्या महिन्याचे भरलेले जीएसटीआर-३बी.

पासबुकावर भागवू नका. पासबुकातला तपशिलाचा रकाना अरुंद असतो, आणि आपल्याला हवा तो क्रमांक नेमका तिथेच कापला जातो. शाखेतून पूर्ण तपशिलाचे स्टेटमेंट मागून घ्या.

चलन आणि लेजर पोर्टलवर इथे सापडतात:

```
Services > Payments > Challan History
Services > Ledgers > Electronic Cash Ledger
```

२. कोणता आकडा कोणाशी जुळवायचा

बँकेतून गेलेले पैसे थेट कर म्हणून जमा होत नाहीत. ते आधी तुमच्या जीएसटी क्रमांकाच्या कॅश लेजरमध्ये जातात आणि तिथे पडून राहतात. तुम्ही ३बी भराल तेव्हा त्यातून कर वळता होतो. म्हणजे व्यवहार दोन आहेत, आणि त्यांच्या तारखाही वेगळ्या असू शकतात.

त्यामुळे स्टेटमेंटमधली खर्ची नोंद चलनाशीच जुळवायची, रिटर्नशी नाही. रिटर्नमधला रोखीचा आकडा जुळतो तो कॅश लेजरमधल्या वजावटीशी.

एक उदाहरण घेऊ. फोंड्याच्या वरच्या बाजारात एक हार्डवेअरचे दुकान आहे असे समजा, खाते सहकारी बँकेत. नोव्हेंबर २०२५ चे ३बी तयार केले, इनपुट क्रेडिट वजा केले, आणि रोखीने भरायचे राहिले सीजीएसटी ४१,२६० आणि एसजीएसटी ४१,२६०, एकूण ८२,५२० रुपये. कॅश लेजरमध्ये आधीच्या महिन्याचे प्रत्येकी ६३० रुपये शिल्लक होते. म्हणून चलन निघाले प्रत्येकी ४०,६३० चे, एकूण ८१,२६० रुपये. शाखेतून एनईएफटी केल्यावर बँकेने ५ रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५.९० रुपये आणखी घेतले. खात्यातून गेले एकूण ८१,२६५.९०.

८२,५२०, ८१,२६० आणि ८१,२६५.९० हेच ते तीन आकडे. नवा माणूस स्टेटमेंटमध्ये ८२,५२० शोधत बसतो आणि ते तिथे कधीच सापडत नाही.

३. रक्कम नव्हे, क्रमांक शोधा

चलन तयार होताच पोर्टल त्याला चौदा अंकी सीपीआयएन देते. हीच चलनाची ओळख. एनईएफटीच्या मॅन्डेट फॉर्मवर लाभार्थीचा खाते क्रमांक म्हणून हाच सीपीआयएन छापलेला असतो, आणि आयएफएससी असतो `RBIS0GSTPMT`. जीएसटीसाठी हा आयएफएससी ठरलेला आहे, म्हणून स्टेटमेंटमध्ये शोध त्याच्यापासून सुरू करावा. आपल्या दुकानाच्या स्टेटमेंटमध्ये साधारण अशा दोन ओळी दिसतील:

```
18-12-2025  NEFT DR RBIS0GSTPMT 2512300XXX4719   81,260.00
18-12-2025  NEFT CHGS INCL GST                        5.90
```

पहिल्या ओळीतला सीपीआयएन चलनाच्या पावतीवरच्या सीपीआयएनशी अंक-अंक ताडून बघा. निदान शेवटचे चार अंक आणि रक्कम, दोन्ही जुळली पाहिजेत. मग त्या ओळीचा यूटीआर, म्हणजे बँकांमधल्या त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, घ्या. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसचा बावीसांचा. तो चलनाच्या पावतीवर पेनने लिहून ठेवा. पुढे कधी पैसे कुठे गेले हे बँकेला विचारायची वेळ आली तर बँक सीपीआयएन विचारत नाही, यूटीआर विचारते.

सहकारी बँकांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असू द्या. काही बँकांच्या स्टेटमेंटवर यूटीआर छापूनच येत नाही, बँकेचा स्वतःचा अंतर्गत व्यवहार क्रमांक येतो. तो पोर्टलवर कुठेही उपयोगाचा नाही. शाखेत जाऊन त्या नोंदीचा यूटीआर मागा, ते काढून देऊ शकतात. आणि मिळालेल्या यूटीआरच्या सुरुवातीला भलत्याच बँकेची अक्षरे दिसली तर घाबरू नका. लहान बँक दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत एनईएफटी पाठवत असली की तसे होऊ शकते.

नेट बँकिंगने भरले असेल तर यूटीआरच्या जागी बँकेचा संदर्भ क्रमांक असतो, ज्याला पावतीवर बीआरएन म्हणतात. तो स्टेटमेंटच्या तपशिलात सहसा जसाच्या तसा मिळतो.

५.९० ची दुसरी ओळ कराची नाही. ती बँक आकाराच्या खात्यात टाकायची. चलनाच्या रकमेत मिळवून ८१,२६५.९० अशी एकच नोंद करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे कॅश लेजर दर महिन्याला पाच-दहा रुपयांनी चुकत जाते, आणि मार्चमध्ये तो फरक कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही.

४. तारखा: डिसेंबर नीट सांभाळा

पावतीवर चलन तयार केल्याची एक तारीख असते आणि पैसे जमा झाल्याची दुसरी. जुळवणीत कामाची ती दुसरी. तिच्यात आणि स्टेटमेंटमधल्या तारखेत एनईएफटीच्या बाबतीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, विशेषतः शाखेने संध्याकाळी उशिरा काम उरकले असेल तर. एवढा फरक चालण्यासारखा आहे. तीन-चार दिवसांचा असेल तर मात्र थांबा, बहुधा तुम्ही भलतीच नोंद धरली आहे.

आपल्याकडे डिसेंबरमध्ये एक अडचण हटकून येते. १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, शाखा बंद. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची नोव्हेंबरच्या ३बीची मुदत २० डिसेंबर. ज्यांना शाखेत फॉर्म देऊनच पैसे भरावे लागतात त्यांनी १८ तारखेच्या आत काम उरकावे, म्हणूनच उदाहरणातल्या दुकानाची नोंद १८ ची आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते हे खरे, पण काउंटर बंद असेल तर फॉर्म घेणार कोण? मुक्तिदिनाला घरी बसून पैसे पाठवायचे तर बँकेची ऑनलाइन सोय हवी.

जमा तारखेला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. उशिरा भरलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज आहे. पण २०२४ च्या जुलैपासून नियमात एक सवलत आली. पैसे मुदतीच्या आत कॅश लेजरमध्ये जमा झाले असतील आणि रिटर्न भरेपर्यंत तिथेच राहिले असतील, तर रिटर्नला उशीर झाला तरी तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. रिटर्नचे विलंब शुल्क मात्र सुटत नाही. म्हणजे २० तारखेला काही कारणाने रिटर्न अडले तरी १८ ची जमा नोंद तुमचे व्याज वाचवते, आणि तिचा पुरावा म्हणजे ही जुळवणी.

५. कॅश लेजरमध्ये पैसे उतरले का ते बघा

इथे नावांचा गोंधळ होतो. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये तुमचे ८१,२६० डेबिट दिसतात. तेच पैसे कॅश लेजरमध्ये क्रेडिट म्हणून दिसतात. कॅश लेजरमध्ये डेबिट असेही एक असते, पण ते ३बी भरल्यावरचे, आणि त्याचा क्रमांक `DC` या अक्षरांनी सुरू होतो.

नवखा माणूस डेबिट शब्द बघून बँकेचे डेबिट आणि लेजरचे डेबिट एकमेकांशी लावायला जातो. आपल्या उदाहरणात बँकेचे डेबिट ८१,२६० आणि लेजरचे ८२,५२०. फरक १,२६०. मग तो हा फरक कुठून आला ते शोधत अर्धा दिवस घालवतो. खरे म्हणजे तो लेजरमधलाच जुना शिल्लक पैसा आहे.

लेजरमध्ये क्रम असा दिसायला हवा: सुरुवातीची शिल्लक प्रत्येकी ६३०, मग जमा प्रत्येकी ४०,६३०, मग वजावट प्रत्येकी ४१,२६०, शेवटी शिल्लक शून्य. सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे तपासा. चलन भरताना सगळी रक्कम चुकून एकाच रकान्यात घातली गेली तर बँकेची नोंद चलनाशी तंतोतंत जुळते, आणि तरीही रिटर्न भरताना एका बाजूला पैसे कमी पडतात. अशी रक्कम पीएमटी-०९ ने एका रकान्यातून दुसऱ्यात हलवता येते, दुसरे चलन भरायची गरज नाही.

६. जुळत नसेल तेव्हा

*बँकेतून पैसे गेले, पोर्टलवर चलन भरलेले दिसत नाही.* सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट हीच. माणूस घाईने दुसरे चलन काढून पुन्हा पैसे भरतो. तसे करू नका. एनईएफटीचे असेल तर आधी चलनांच्या इतिहासात ते चलन उघडून यूटीआर जोडला गेला आहे का ते बघा. नसेल तर तिथेच तो जोडायची सोय आहे. नेट बँकिंगचे असेल तर चोवीस तास जाऊ द्या. तरीही चलन भरलेले दिसले नाही तर पीएमटी-०७ भरा. ही तक्रार इथे नोंदवतात:

```
Services > Payments > Grievance against Payment (GST PMT-07)
```

तक्रारीत सीपीआयएन, रक्कम, तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक लागतो, म्हणजे तिसऱ्या पायरीत तुम्ही लिहून ठेवलेलेच.

*पैसे गेले आणि परत आले.* स्टेटमेंट आठवडाभर पुढचे मागवायला सांगितले ते यासाठी. चलनाची मुदत पंधरा दिवस असते. ती उलटल्यावर पाठवलेली, किंवा चलनापेक्षा एका रुपयानेही कमीजास्त असलेली एनईएफटी स्वीकारली जात नाही, पैसे खात्यात परत जमा होतात. शाखेतल्या माणसाने आकार वजा करून रक्कम पाठवली की हेच होते. अशा वेळी स्टेटमेंटमध्ये एक खर्ची आणि नंतर तेवढीच जमा नोंद दिसेल. या दोघी एकमेकींशी लावायच्या. चलनाला लागणारी खरी नोंद त्यांच्यानंतरची असेल.

*एकाच रकमेच्या दोन नोंदी.* याची दोन कारणे असू शकतात. पहिले, वर सांगितल्याप्रमाणे कोणी घाईने दोनदा भरले. तसे झाले असेल आणि दोन्ही चलने भरलेली दिसत असतील तर पैसे बुडालेले नाहीत. जास्तीची रक्कम कॅश लेजरमध्ये आहे, पुढच्या महिन्यात वापरा किंवा परतावा मागा.

दुसरे कारण तिमाही रिटर्नवाल्यांचे. ज्यांनी तिमाही रिटर्न आणि दरमहा भरणा ही पद्धत घेतली आहे, त्यांना तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचे चलन पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरायचे असते. ठरावीक रकमेचा पर्याय घेतला तर मागच्या तिमाही रिटर्नमध्ये रोखीने भरलेल्या कराच्या ३५ टक्के रक्कम दोन्ही महिन्यांना येते. मागच्या तिमाहीत २४,००० भरले असतील तर एप्रिलचे चलन ८,४०० आणि मेचेही ८,४००. एप्रिलचे राहून गेले आणि दोन्ही जूनमध्ये भरले, तर स्टेटमेंटमध्ये ८,४०० च्या दोन सारख्या ओळी. रकमेवरून कोणती कुठली हे देवालाही सांगता येणार नाही. सीपीआयएन बघूनच कळेल. आणि बघावेच लागेल, कारण यातले एप्रिलचे चलन मुदतीनंतरचे आहे.

*पैसे आपल्या खात्यातून गेले, पण सीपीआयएन आपल्या चलनांत नाही.* नवऱ्याचे दुकान, बायकोच्या नावावर गेस्टहाऊस, हिशेब बघणारा एकच: अशा घरांत हे सर्रास होते. गेस्टहाऊसचे चलन दुकानाच्या खात्यातून भरले जाते. पोर्टल पैसे चलनावरच्या जीएसटी क्रमांकाला देते, ते कोणाच्या खात्यातून आले हे बघत नाही. तेव्हा ती ओळ दुकानाच्या कराची नव्हेच. घरातल्या दुसऱ्या व्यवसायाच्या चलनांत तो सीपीआयएन शोधा. दोन्ही क्रमांक ३० ने सुरू होणारे, गोव्याचेच, म्हणून नुसते वरवर बघून फरक कळत नाही. पंधरा अक्षरे पूर्ण वाचा. सापडल्यावर दुकानाच्या वहीत ती रक्कम उचल म्हणून किंवा त्या व्यवसायाकडून येणे म्हणून धरायची. नेमके काय धरायचे ते तुमच्या सीएला विचारून ठरवा, आणि मग दर वेळी तसेच करा.

७. वहीत नोंद

टॅली असो की हाताने लिहिलेली खातेवही, नोंदी दोन करायच्या. पैसे गेले त्या दिवशी बँक खाते जमा आणि इलेक्ट्रॉनिक कॅश लेजर नावे, सीजीएसटी-एसजीएसटी वेगवेगळे. रिटर्न भरले त्या दिवशी देय कर नावे आणि कॅश लेजर जमा. पहिल्या नोंदीच्या तपशिलात सीपीआयएन आणि यूटीआर दोन्ही लिहा, दुसरीत `DC` ने सुरू होणारा क्रमांक. बँक आकाराचे ५.९० वेगळ्या नोंदीत. त्यातले ९० पैसे जीएसटीचे आहेत. बँकेने तुमच्या जीएसटी क्रमांकावर बीजक दिले असेल तर त्याचे क्रेडिट मिळते. महिन्याला एकच एनईएफटी असेल तर त्यासाठी कोणी धावाधाव करणार नाही, पण पुरवठादारांनाही एनईएफटीनेच पैसे देत असाल तर वर्षाची रक्कम बघण्यासारखी होते.

महिना संपल्यावर वहीतल्या कॅश लेजर खात्याची शिल्लक पोर्टलवरच्या शिलकीशी ताडा. पैशापैशाला जुळली पाहिजे. नाही जुळली तर आधी बँक आकाराची ओळ बघा, मग परत आलेली एनईएफटी, आणि मग घरातल्या दुसऱ्या जीएसटी क्रमांकाचे चलन.

पावती, शिक्का मारलेला मॅन्डेट फॉर्म आणि स्टेटमेंटचे ते पान एकत्र टाचून ठेवा, मॅन्डेट फॉर्म वर. शिक्क्याची शाई वर्षभरात फिकट होते, म्हणून त्याच दिवशी त्याचा फोटो काढून सीपीआयएनच्या नावाने संगणकात साठवून ठेवा.